मेलबर्नमध्ये आईचं सहस्रचंद्रदर्शन: स्वागताचं भाषण मराठीत, पाहुण्यांसाठी चार ओळी इंग्रजीत. मदत हवी आहे

थोरला_देवगडकर

मंडळी, नमस्कार. मी देवगड तालुक्यातला, कुणकेश्वराच्या जवळच्या एका वाडीतला. जुलैत आईला ऐंशी पूर्ण होऊन अकरा महिने होतील. सध्या ती माझ्या धाकट्या भावाकडे मेलबर्नला आहे, म्हणून सहस्रचंद्रदर्शन तिथेच करायचं ठरलंय. मी आणि आमची मंडळी इथून जातोय. मी थोरला, तेव्हा सुरुवातीचं स्वागत मी करायचं, असं भावाचं म्हणणं आहे.

हॉलमध्ये साधारण ऐंशी माणसं असतील. पन्नासेक मराठी. बाकीचे भावाचे शेजारी, वहिनीच्या कामावरच्या बायका, पुतण्याचे मित्र आणि त्याची सासरची मंडळी. पुतण्याची बायको तिथलीच आहे, म्हणजे आमचे व्याही-विहीणबाई ऑस्ट्रेलियन. आईला त्या दोघांची फार माया. विहीणबाई तिला दर रविवारी बागेत फिरायला नेतात, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना.

इंग्रजी मला वाचता येतं, बोलायची सवय नाही. भाषण मराठीतच करायचं आहे, कारण ते आईसाठी आहे आणि तिला समजलं पाहिजे. पण व्याह्यांना नुसतं बसवून ठेवायचं नाही. तीन गोष्टी विचारतो. नावं कोणत्या क्रमानं घ्यायची? इंग्रजी ओळी कुठे घालायच्या? आणि त्या कशा लिहून घ्यायच्या, म्हणजे माझ्या तोंडून नीट निघतील?

---

न्यूजर्सीची_मावशी

अभिनंदन! आईंना नमस्कार सांगा.

आमच्या भाचीच्या लग्नात न्यू जर्सीला हाच प्रश्न होता. तिच्या काकांनी एक परिच्छेद मराठीत आणि लगेच तोच इंग्रजीत, असं केलं. दोन्ही बाजूंचं कुणी वगळलं जाऊ नये ही त्यांची इच्छा होती, ती मला आजही बरोबर वाटते. तुम्हीही तसंच करा. पूर्ण भाषांतर, ओळीला ओळ.

---

निवेदिका_रत्नागिरी

मावशींच्या हेतूशी सहमत, पद्धतीशी नाही. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून रत्नागिरी आणि आसपासच्या घरगुती कार्यक्रमांचं निवेदन करते, लेकीकडे असताना परदेशातही केलंय. ओळीला ओळ भाषांतर केलं की चार मिनिटांचं भाषण आठ-नऊ मिनिटांचं होतं आणि प्रत्येक माणसाला त्यातलं अर्धं दुसऱ्यांदा ऐकावं लागतं. मराठी माणसं इंग्रजी चालू असताना आपापसांत बोलू लागतात, मग पुढच्या मराठी वाक्याला कुणाचंच लक्ष नसतं. समोर ज्या आजी बसलेल्या असतात त्यांचा धागा तर दर मिनिटाला तुटतो. आणि हा दिवस त्यांचा आहे.

मी इंग्रजी फक्त तीन जागी ठेवते. पहिली जागा अगदी सुरुवातीला: आज काय आहे, कुणासाठी आहे, आणि मराठी किती वेळ चालणार आहे. हे शेवटचं फार महत्त्वाचं. न कळणारी भाषा माणूस आनंदानं ऐकतो, जर ती कधी संपणार हे त्याला आधी सांगितलं असेल तर. दुसरी जागा, पाहुण्यांनी काही करायचं असेल त्याच्या आधी: उठायचं आहे, अक्षता टाकायच्या आहेत, काही म्हणायचं आहे. तिसरी शेवटी: आता काय होणार आणि जेवण. मधला जो आईंविषयीचा भाग आहे तो अखंड मराठीत जाऊ द्या, त्यातली एकच गोष्ट इंग्रजीत सांगा. एकच. ती पाहुण्यांच्या लक्षात राहते आणि जेवताना ते त्याबद्दल आईंना विचारतात.

हिशेब सांगते. मोठ्या हॉलमध्ये संथ बोललं तर मिनिटाला शंभर शब्द धरा, जास्त नाही. चार मिनिटं म्हणजे चारशे शब्द, त्यात इंग्रजी शंभर-सव्वाशे. मसुदा इथे टाका, आपण बघू.

---

कागदपत्र

आईंचा व्हिसा किती महिन्यांचा आहे? प्रवास विम्यात आधीचे आजार धरले आहेत का ते नक्की बघा. आणि घरून अक्षतांचे तांदूळ, नारळ, फुलं नेणार असाल तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर सगळं खरं लिहा. ऑस्ट्रेलियात त्याबाबत फार कडक आहेत.

---

थोरला_देवगडकर

कागदपत्र, धन्यवाद, ते भावानं बघितलंय. तांदूळ, नारळ तिथेच घेणार. हापूस तर जुलैत इथेही नसतो.

निवेदिकाताई, मी लिहिलेली सुरुवात अशी आहे:

“आजच्या या मंगलप्रसंगी उपस्थित सर्व मान्यवर, बंधू आणि भगिनींनो, आमच्या विनंतीला मान देऊन आपला बहुमोल वेळ काढून आपण इथे आलात त्याबद्दल मी समस्त कुटुंबीयांच्या वतीने आपले सहर्ष स्वागत करतो...”

यापुढे आईचं बालपण, लग्न, आम्हा भावंडांची शिक्षणं, वडील गेल्यानंतरचा काळ आणि मग सगळ्यांची नावं.

---

निवेदिका_रत्नागिरी

ही सुरुवात सभेची आहे, घरची नाही. शाळेच्या संमेलनात ती शोभते. तुमच्या हॉलमध्ये मान्यवर कुणी नाहीत, सगळी नात्यातली माणसं आहेत. तुमच्या अंगणात ही माणसं आली असती तर तुम्ही काय म्हणाला असता? “या, बसा, बरं केलंत आलात.” तिथून सुरू करा.

नावांचा क्रम मी असा धरते. आधी देवाचं नाव, मग जिच्यासाठी कार्य आहे ती. त्यानंतर तिच्या माहेरची माणसं, कुणी आली असतील तर. मग व्याही. मग बाकीचे सगळे एकत्र, नावं न घेता. एकदा भावाच्या एका मित्राचं नाव घेतलं की उरलेल्या एकोणतीस जणांचं राहिलं असं होतं. ज्यांनी हॉल सजवला, जेवण केलं, त्यांचे आभार शेवटी दुसऱ्या कुणीतरी मानावेत. स्वागत आणि आभार एका भाषणात आले की दोन्ही कमी पडतात.

व्याह्यांचं स्वागत मात्र दोन्ही भाषांत करा, तेवढं एक वाक्य. त्यांचा मान आहे आणि तो त्यांना कळायला हवा.

आईंचं सगळं आयुष्य सांगायला चार मिनिटं पुरत नाहीत, आणि समोरच्या अर्ध्या लोकांना ते ठाऊक आहे. एक काम निवडा, जे तिनं वर्षानुवर्षं केलं आणि ज्याच्यावर तुमचं घर उभं राहिलं.

---

पंचांगप्रेमी

सहस्रचंद्रदर्शन ऐंशी वर्षं आठ महिने झाले की करायचं असतं, कारण त्या दिवशी बरोबर हजार पौर्णिमा पूर्ण होतात. तुम्ही अकराव्या महिन्यात करताय. भाषणात “आज हजार पौर्णिमा पूर्ण झाल्या” असं म्हणू नका, त्या तीन महिन्यांपूर्वीच झाल्या.

---

यारा_काठ

पंचांगप्रेमी, ऐंशी वर्षं आठ महिने ही प्रथा आहे खरी, आमच्याकडेही आजोबांचं तेव्हाच केलं. पण मोजून बघा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी 29.53 दिवस. हजार पौर्णिमांना साधारण 29,530 दिवस लागतात, म्हणजे ऐंशी वर्षं आणि दहा महिन्यांच्या आसपास. आठ महिन्यांत दोन-तीन पौर्णिमा कमीच पडतात. थोरल्यांच्या आईंना अकरा महिने होत आहेत, म्हणजे त्यांनी हजार पौर्णिमा खरोखर ओलांडलेल्या असतील. बिनधास्त म्हणा. पाहुण्यांत कुणीतरी फोन काढून भागाकार करणारच, मी इथल्या लोकांना ओळखतो.

मी मेलबर्नमध्येच असतो, म्हणून आणखी एक. इथे कार्यक्रमाच्या सुरुवातीला या जमिनीच्या मूळ लोकांचा उल्लेख करावा लागतो. शाळेत, कौन्सिलच्या कार्यक्रमात सगळीकडे असतो. तुम्हालाही ते वाक्य म्हणावंच लागेल, भावाला विचारून ठेवा.

---

निवेदिका_रत्नागिरी

यारा_काठ, “करावा लागतो” हे सार्वजनिक कार्यक्रमांपुरतं. घरगुती समारंभात तसं बंधन नाही, लेकीकडच्या कार्यक्रमाआधी मी हे विचारून घेतलं होतं. “वेलकम टू कंट्री” म्हणतात ते स्वागत फक्त त्या जमिनीच्या मूळ लोकांपैकीच कुणी करू शकतं. दुसरं जे आहे, “ॲक्नॉलेजमेंट”, ते कुणीही म्हणू शकतो. मेलबर्नच्या बऱ्याच भागात वुरुंजेरी लोकांचं नाव घेतात, काही भागात बुनुरोंग लोकांचं. हॉल कुठल्या उपनगरात आहे त्यावर ते ठरतं आणि तिथल्या कौन्सिलकडे नीट माहिती मिळते. म्हणायचं झालं तर ते पुतण्यानं म्हणावं. तो तिथला रहिवासी आहे, त्याच्या तोंडी ते खरं वाटेल. थोरल्यांनी देवगडहून जाऊन ते वाचून दाखवणं मला तरी योग्य वाटत नाही.

---

यारा_काठ

मान्य. घरगुती कार्यक्रमात मीही दोन-तीनदाच ऐकलंय. पण ऐकलं तेव्हा इथल्या पाहुण्यांना बरं वाटलेलं दिसलं, म्हणून सुचवलं. पुतण्या आणि सूनबाईंवर सोडा.

---

मीठमुंबरीची_लेक

थोरलेदादा, मी तुमच्या शेजारच्याच गावची! देवाचं नाव घेऊन सुरुवात म्हणताय तर गाऱ्हाणंच घाला ना. “बा देवा कुणकेश्वरा” म्हटल्यावर आईंच्या चेहऱ्यावर काय येईल बघा. आणि यात पाहुण्यांनाही सामील होता येतं, कारण प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांनी फक्त “व्हय म्हाराजा” म्हणायचं असतं. दोन शब्द कुणालाही येतात. माझ्या भावाच्या वास्तुशांतीला त्याचे परप्रांतीय मित्र दुसऱ्या ओळीपासून आमच्याइतक्याच जोरात म्हणत होते.

---

वेतोबाचा_पोर

मला हे पटत नाही आणि स्पष्ट सांगतो. गाऱ्हाणं हा करमणुकीचा भाग नाही. देवळात ते मानकरी घालतो, त्याचा तो अधिकार असतो, त्यामागे गावाची रहाटी आहे. माइक घेऊन, लोकांकडे तोंड करून, ज्यांना अर्थ माहीत नाही त्यांच्याकडून “व्हय म्हाराजा” म्हणवून घेणं म्हणजे गाऱ्हाण्याचा तमाशा करणं. मालवणी नाटकांमुळे लोकांना ते हसायचं काहीतरी वाटायला लागलंय. आपण त्यात भर घालू नये.

---

मीठमुंबरीची_लेक

देवळातल्या गाऱ्हाण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण घरातलं गाऱ्हाणं घरचा कर्ता घालतोच की. चवथीला गणपती आणल्यावर, नवी होडी पाण्यात घालताना, मुलगा मुंबईला नोकरीला निघाला की. आमचे बाबा देवासमोर नारळ ठेवून घालायचे, त्यांना कुठे मान होता? दादा थोरले आहेत, आईचं कार्य आहे, मग त्यांचा अधिकार कसा नाही?

---

वेतोबाचा_पोर

घरात, देवासमोर, हे तुम्हीच म्हणालात. हॉल म्हणजे घर नाही.

---

थोरला_देवगडकर

दोघांचं वाचून रात्रभर विचार केला आणि आज आमच्या गुरवांशीही बोललो. ते म्हणाले, “देव पाठीक आसा, नारळ ठेव आणि देवाकडे तोंड करून घाल, लोकांकडे नको.” भाऊ आईचा देव्हारा हॉलमध्ये आणणारच आहे, कारण औक्षणाआधी तिला नमस्कार करायचा आहे. त्यासमोर नारळ ठेवून, देव्हाऱ्याकडे तोंड करून घालतो. वेतोबाचा_पोर, तुमची काळजी मला समजते. यात हसण्यासारखं काही होऊ देणार नाही.

---

निवेदिका_रत्नागिरी

देव्हाऱ्याकडे तोंड म्हणजे लोकांकडे पाठ. मग उभा माइक चालणार नाही, आवाज भिंतीकडे जाईल. भावाला कॉलरला लावायचा माइक मागवायला सांगा.

आणि पाहुण्यांना “म्हणा” एवढंच सांगू नका. ती प्रार्थना आहे. कुणाच्या धर्मात दुसऱ्या देवाची प्रार्थना बसत नसेल, कुणी कुठलाच देव मानत नसेल. “म्हणा, किंवा नुसतं ऐका” असं सांगा. त्या दोन शब्दांनी अवघडलेला माणूस मोकळा होतो. नाहीतर तो ओठ हलवत बसतो आणि ते त्यालाही कळतं, तुम्हालाही.

आता इंग्रजी कसं लिहायचं. देवनागरीतच लिहा, मोठ्या अक्षरात, आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे तिरकी रेघ मारा. एका रेघेत पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त नकोत. वाक्यं छोटी, क्रियापद साधं. तुम्ही जसा उच्चार करता तसाच लिहा. तिथल्या लोकांसारखा काढायला जाऊ नका, त्यानं बोलणं अडखळतं आणि समजायला जास्त कठीण जातं. तुमचा देवगडचा उच्चार संथ गतीत त्यांना पूर्ण कळतो. घाई केली तर मात्र काहीच कळत नाही. व्याही-विहीणबाईंच्या नावांचा उच्चार सूनबाईंकडून व्हॉट्सॲपवर बोलून घ्या आणि ऐकू येईल तसा लिहा. बाकी कुठे अडलात तर चालेल, नावात अडू नये.

---

थोरला_देवगडकर

एक शंका. तिकडे व्याह्यांना थेट नावानं हाक मारतात म्हणे. वयानं माझ्याहून मोठा माणूस, आमचा व्याही, त्याला चारचौघांत नुसत्या नावानं कसं बोलवू?

---

यारा_काठ

इथे तीच रीत आहे. आडनावापुढे “मिस्टर” लावलंत तर त्यांना वाटेल तुम्ही अंतर ठेवताय.

---

निवेदिका_रत्नागिरी

मराठी वाक्यात “आमचे व्याही आणि विहीणबाई” म्हणा, नाव नकोच. इंग्रजी वाक्यात त्यांच्या रीतीनं नाव घ्या. दोन्हीकडचा मान राहतो.

---

थोरला_देवगडकर

सगळ्यांचं ऐकून लिहिलेला मसुदा टाकतो. नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.

“या, बसा. लांबून आलात, थंडीतून आलात, बरं वाटलं.

गुड मॉर्निंग अँड वेलकम. / आय ॲम द एल्डर ब्रदर, / फ्रॉम द व्हिलेज. / टुडे इज फॉर माय मदर. / इन अवर फॅमिलीज, / व्हेन समवन हॅज सीन / अ थाउजंड फुल मून्स, / वी गॅदर अँड थँक देम. / दॅट टेक्स / ऑल्मोस्ट एटी-वन इयर्स. / आय विल स्पीक मराठी / फॉर थ्री मिनिट्स. / आय विल टेल यू / व्हेन इट इज युअर टर्न.

आई, आज तुझ्यासाठी एवढी माणसं जमली आहेत. तुझ्या माहेरचा मामा येऊ शकला नाही, पण देवगडला तो पहाटेपासून फोन धरून बसलाय. आमचे व्याही आणि विहीणबाई आले आहेत. आई इथे परकी वाटून घेत नाही, याचं मोठं कारण तुम्ही दोघं आहात.

... अँड ..., / यू टुक अवर मदर / इन्टू युअर फॅमिली. / थँक यू.

आई, मी लहान असताना मे महिना म्हणजे तुझ्यासाठी सुट्टी नव्हती. परसातले रातांबे उतरले की तू ते फोडायचीस, बिया काढायचीस, साली मीठ घातलेल्या रसात भिजवून उन्हात घालायचीस. संध्याकाळी गोळा करून परत रसात, सकाळी परत उन्हात. पाऊस येण्याआधी सगळं वाळलं पाहिजे, म्हणून आभाळ भरून आलं की तू जेवण टाकून अंगणात धावायचीस. बाबा गेले त्या वर्षीही तू आमसुलं केलीस. त्या पैशांतून धाकट्याची रत्नागिरीच्या कॉलेजची फी गेली. तो आज इथे आहे, त्याचं हे घर आहे, ही मुलं आहेत, याची सुरुवात आपल्या अंगणातल्या त्या सुपांपासून आहे. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर सांगतो.

एव्हरी मे, / माय मदर ड्राइड कोकम फ्रूट / इन द सन, / बिफोर द रेन्स केम. / दॅट मनी / सेंट माय ब्रदर टू कॉलेज. / दॅट इज हाऊ / ही केम हिअर.

आता देवाला गाऱ्हाणं घालतो.

नाऊ अ प्रेअर / टू द गॉड ऑफ अवर व्हिलेज. / आफ्टर ईच लाइन / द फॅमिली सेज: / व्हय म्हाराजा. / इट मीन्स: / यस, लॉर्ड. / प्लीज से इट विथ अस, / ऑर जस्ट लिसन.

बा देवा कुणकेश्वरा, आज तुका गाऱ्हाणा घालतंय रे म्हाराजा. (व्हय म्हाराजा)
आज तुझी लेकरां साता समुद्रापलीकडे एकठय जमली आसत रे म्हाराजा. (व्हय म्हाराजा)
आमच्या आवशीन तुझ्या कृपेन हजार पुनवो बघल्यान, तिका अशीच धडधाकट ठेव रे म्हाराजा. (व्हय म्हाराजा)
हयसर इल्ले पावणे, आमचे व्याही, शेजारी-पाजारी, सगळ्यांका सुखात ठेव रे म्हाराजा. (व्हय म्हाराजा)
काय चुकला-माकला आसात तर लेकरां समजान पदरात घे रे म्हाराजा. (व्हय म्हाराजा)

आता औक्षण आणि मग जेवण. सावकाश जेवा.

नाऊ द विमेन...”

शेवटची इंग्रजी ओळ अजून अडली आहे, तिथे मदत करा. दिव्यांचाही प्रश्न आहे. कणकेचे एक्याऐंशी दिवे लावून औक्षण करायचं होतं, पण हॉलच्या नियमात उघडी ज्योत चालत नाही.

---

यारा_काठ

ज्योतीबद्दल हॉलवाल्यांना लेखी विचारा. धूर ओळखणारं यंत्र वाजलं तर अग्निशमन दल येतं आणि त्याचा खर्च हॉल घेणाऱ्यावर पडू शकतो. आमच्याकडे एक्याऐंशी दिवे घरी सकाळी लावून औक्षण केलं आणि हॉलमध्ये बॅटरीचे ठेवले. काहींना एक निरांजन लावायची परवानगी मिळालेली पाहिली आहे.

---

निवेदिका_रत्नागिरी

मसुदा वाचला आणि सुपांच्या वाक्याशी थांबले. तिथे एक शब्दही बदलू नका. ते म्हणताना कागदाकडे नाही, आईंकडे बघा, तेवढा भाग पाठ करा. इंग्रजी पाठ करू नका, ती वाचूनच म्हणा. पाठ केलेलं इंग्रजी ऐन वेळी विसरतं, पाठ केलेलं मराठी विसरलं तरी दुसऱ्या शब्दांत सांगता येतं.

“थ्री मिनिट्स” म्हणाला आहात. कोकमाची ओळ मध्ये येते, त्यामुळे सलग मराठी दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही. छान.

शेवटची ओळ अशी करा:

नाऊ द विमेन ऑफ द फॅमिली / विल ब्लेस माय मदर / विथ लाइट. / देन, लंच. / ऑल द फूड इज व्हेजिटेरियन. / मेनी डिशेस / हॅव कोकोनट अँड कॅश्यूज. / प्लीज रीड द कार्ड्स / ऑन द टेबल.

काजूचं वाक्य गाळू नका. काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी, काजूची उसळ, खापरोळी, आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात नारळ किंवा काजू आहे आणि नुसतं बघून ते ओळखू येत नाही. काजूची ॲलर्जी असलेल्या मुलाला एक घास जिवावर बेतू शकतो. प्रत्येक भांड्यापुढे कार्ड ठेवा. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी भावाला आधीच कळवावं, हे आमंत्रणातही लिहा. भाषणातलं वाक्य ही शेवटची राखण आहे, पहिली नव्हे.

---

न्यूजर्सीची_मावशी

कोकमाचं वाचून डोळे भरले. ओळीला ओळ भाषांतराचा आग्रह मी सोडते, पण त्या परिच्छेदापुरता नाही. “हे मी तुला कधी बोलून दाखवलं नव्हतं” एवढं तरी इंग्रजीत यायला हवं. विहीणबाईंना ते कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

---

निवेदिका_रत्नागिरी

मावशी, मला ते वाक्य आई आणि मुलाच्या मधलंच राहावंसं वाटतं. इंग्रजीत पुन्हा म्हटलं की ते सभेला सांगितल्यासारखं होईल. सूनबाई शेजारी बसलेल्या असतील, त्या आईवडिलांच्या कानात सांगतील. पण हे थोरल्यांनी ठरवावं.

---

वेतोबाचा_पोर

मसुदा चांगला आहे, गाऱ्हाण्याचे शब्दही नीट आहेत. माझं मत मात्र बदललेलं नाही. माझ्या आईचं असतं तर गाऱ्हाणं सकाळी घरी घातलं असतं आणि हॉलमध्ये फक्त नमस्कार. तुमच्या गुरवांनी सांगितलं आहे, तेव्हा त्यापुढे मी बोलत नाही. एकच विनंती, त्या भागाचा व्हिडिओ काढून कुठे टाकू नका.

---

थोरला_देवगडकर

हे मान्य. व्हिडिओ घरच्यांपुरताच राहील. मामाला तेवढा दाखवावा लागेल, कारण तिकडचे सकाळचे अकरा म्हणजे इथले साडेसहा, आणि जुलैच्या पावसात वाडीवर वीज आणि नेटवर्क दोन्ही टिकेल याचा भरवसा नाही. फोन लागला तर थेट, नाहीतर रेकॉर्डिंग.

मावशी, ते वाक्य मराठीतच ठेवतो.

ताई, शेवटचं एक. सूनबाईंना मराठीत एक वाक्य बोलायचं आहे, माझ्या भाषणानंतर लगेच. काय द्यावं?

---

निवेदिका_रत्नागिरी

त्यांना काय म्हणायचं आहे ते आधी इंग्रजीत विचारा, तुम्ही देऊ नका. मग चार-पाच शब्दांत बसवा. ‘ळ’ आणि ‘ण’ कमी असलेले शब्द निवडा, ते दोन उच्चार त्यांना सर्वांत जड जातात. आणि वाक्य मेलबर्नमधल्या तुमच्या वहिनींनी म्हणून घ्यावं, तुम्ही फोनवरून नाही. ओठ बघून शिकलेलं लवकर बसतं.